लायसन्सचा तर्जुमा

तर्जुम्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या कागदांत निकाहनामे आणि जन्मदाखले जास्त असतात. त्यांच्या खालोखाल येतं ते ड्रायव्हिंग लायसन्स. निकाहनामा पाहून लोक स्वतःच म्हणतात, "सावकाश करा." लायसन्स मात्र तळहाताएवढंही नसतं, त्यावर पंधरा-वीस शब्द असतात, तेही इंग्रजीत. त्यामुळे फोटो पाठवल्यावर पाच मिनिटांत "झालं का?" असा मेसेज येतो.

आम्ही दोघं मियाँ-बीवी हे काम जळगावात घरूनच करतो. एकीने इंग्रजीत पदवी घेतली आहे, दुसऱ्याने धुळ्याच्या मदरशात अरबी शिकली आहे. कार्डावरची इंग्रजी अक्षरं एकाने वाचायची, दुसऱ्याने अरबीत उतरवायची आणि मग पुन्हा पहिल्याने मूळ फोटोशी ताडून पाहायची, अशी आमची पद्धत आहे. सौदीत वाहतूक खात्याला मुरूर म्हणतात. मुरूरला तिथल्या मान्यताप्राप्त भाषांतर कार्यालयाच्या शिक्क्याचा अरबी तर्जुमा लागतो, आमचा चालत नाही, हे आम्ही प्रत्येकाला आधीच सांगतो. पण त्या कार्यालयातल्या माणसाने यावल किंवा साक्रीचं नाव कधी ऐकलेलं नसतं, आणि आपल्या कार्डावरची आखूड केलेली अक्षरं त्याला अंदाजानेच लावावी लागतात. म्हणून आपली माणसं प्रत्येक रकान्याचा अरबी तक्ता आमच्याकडून करून घेतात आणि फोटोसोबत तिथे देतात. कंपनीच्या फाइलीलाही तोच तक्ता लागतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात यावल तालुक्यातल्या एका ड्रायव्हरच्या घरून असंच काम आलं. इथे असताना तो रावेर-सावद्याची केळी भरून ट्रक दिल्लीकडे न्यायचा. सौदीत दोन वर्षं कंपनीची छोटी गाडी चालवत होता. आता कंपनी त्याला मोठ्या गाडीवर घ्यायला तयार होती, पण तिथे आधी करून घेतलेल्या अरबी तर्जुम्यात मोठ्या गाडीचा उल्लेखच नव्हता. त्यात फक्त 'खुसूसी', म्हणजे खाजगी, असं लिहिलं होतं. त्याच्या बायकोने आम्हाला तो तर्जुमा आणि लायसन्सचा फोटो पाठवला. फोन करून म्हणाली, "आपा, पंधरा वर्षं ट्रक चालवला माणसाने, आणि कागदावर तो ट्रकवालाच नाही."

फोटो कार्डाच्या एकाच बाजूचा होता. गफलत तिथूनच सुरू झाली होती. महाराष्ट्रातल्या जुन्या कार्डावर वाहनांचे वर्ग दर्शनी बाजूलाच छापलेले असत. नव्या नमुन्याच्या कार्डावर पुढच्या बाजूला नाव, जन्मतारीख, मुदत आणि फोटो असतो. कोणती गाडी चालवायची परवानगी आहे, हे सांगणारा छोटा तक्ता मागच्या बाजूला असतो. पुढची बाजू पाहून कोणालाही वाटावं की सगळं यात आलं. तिथल्या भाषांतरकाराने मागची बाजू मागितली नसावी आणि याने दिली नसावी.

आम्ही दोन्ही बाजू मागितल्या. फोटो कसा काढायचा तेही सांगितलं, कारण निम्मा घोळ फोटोतच होतो. कार्ड गडद कापडावर ठेवायचं, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. चारही कोपरे दिसले पाहिजेत. फ्लॅश लावला की चकचकीत पृष्ठभागावर पांढरा डाग पडतो आणि तो नेमका एखाद्या आकड्यावर बसतो. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो आकसत नाही. आकसलेल्या फोटोत ३ आणि ८ ओळखू येत नाहीत. 'एमसीडब्ल्यूजी' म्हणजे गिअरची मोटारसायकल आणि 'एमसीडब्ल्यूओजी' म्हणजे बिनगिअरची, यांत फरक एका 'ओ'चा आहे. पाकिटात घामाने पुसट झालेल्या कार्डावर तो 'ओ' आहे की नाही, हे नजर ताणूनही कळत नाही. अशा वेळी आम्ही अंदाज करत नाही. मालकाला डिजिलॉकरमध्ये नोंद उघडायला सांगतो. तरीही खुलासा झाला नाही तर त्या जागी 'अस्पष्ट' असा शब्द लिहितो.

मागच्या बाजूचा फोटो आला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. तीन ओळी होत्या. एमसीडब्ल्यूजी, १४-०६-२००६. एलएमव्ही, तीच तारीख. आणि तिसरी ओळ, 'ट्रान्स', ०९-०२-२०१०. पुढच्या बाजूला कार्ड दिल्याची तारीख ११-०३-२०२०. तिथल्या तर्जुम्यात एकच तारीख होती, ती ही २०२० ची. म्हणजे कागदाप्रमाणे हा माणूस पाच वर्षांचा ड्रायव्हर, आणि तोही खाजगी मोटारीचा.

आता तीन ओळींतली मधली ओळ घेऊ, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिचा होतो. एलएमव्ही म्हणजे हलकं मोटार वाहन. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हलक्याची हद्द साडेसात हजार किलोची आहे. टाटा ४०७ सारखा मिनीट्रकही त्यात बसतो. मालवाहू असला तरी हलक्या वर्गातली गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते कायम केलं. पण परदेशात बहुतेक ठिकाणी हलक्या गाडीची रेघ साडेतीन हजार किलोवर ओढलेली असते. युरोपातला 'बी' वर्ग तेवढाच, सौदीतलं खुसूसीही तेवढंच. म्हणजे 'हलकं' हा शब्द दोन्हीकडे आहे, पण इकडच्या हलक्यात तिकडच्यापेक्षा दुपटीहून जड गाडी मावते.

मग तर्जुमा करणाऱ्याने काय लिहावं? 'खुसूसी' लिहिलं तर माणसाचा हक्क कापला जातो आणि कार्डावर नसलेला शब्द घुसतो. 'साडेसात टनांपर्यंत' लिहिलं तर तेही कार्डावर नाही. आम्ही एलएमव्ही ही अक्षरं आहेत तशी ठेवतो, त्यांच्यापुढे अरबीत 'हलकं मोटार वाहन' लिहितो, आणि तक्त्याच्या खाली वेगळ्या चौकटीत, भाषांतरकाराची टीप असं स्पष्ट म्हणून, भारतीय कायद्यातली वजनाची हद्द देतो. त्यांच्या कोणत्या वर्गात हे बसवायचं ते मुरूरने ठरवावं. आमचं काम कार्डावर काय आहे ते सांगायचं. पुष्कळ भाषांतरकार मदत म्हणून परस्पर त्यांचा वर्ग लिहून टाकतात. हेतू चांगला असतो, पण ती मदत नव्हे. वर्ग ठरवणं हा त्या खात्याचा अधिकार आहे आणि तो आपण आपल्या हातात घेऊ नये.

तिसऱ्या ओळीचंही असंच आहे, फक्त उलट बाजूने. 'ट्रान्स' म्हणजे ट्रान्सपोर्ट व्हेइकल, परिवहन वाहन. पूर्वी लायसन्सवर मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू, जड प्रवासी असे वेगळे वर्ग असत. १९९४ च्या दुरुस्तीने ते चारही मिळून एकच वर्ग झाला. त्यामुळे 'ट्रान्स' या शब्दात ट्रकही आला आणि बसही आली, पण कोणती ते कार्ड सांगत नाही. त्या बाईंना वाटत होतं आम्ही तिथे अरबीत सरळ 'जड मालवाहू' लिहावं, कारण तो ट्रकच चालवायचा. तो ट्रक चालवायचा हे खरं, पण ते कार्डावर लिहिलेलं नाही. ते सांगायला जुन्या मालकाचं अनुभवपत्र वेगळं लागतं. आम्ही 'परिवहन वाहन' लिहिलं आणि टीपेत एवढंच दिलं की भारतीय कायद्यात या वर्गात माल आणि प्रवासी दोन्ही वाहनं येतात.

नाव आणि गावाकडे वळू. इथे आपल्या लोकांची एक समजूत आड येते, ती म्हणजे उर्दू येतं तर अरबीही येतं. लिपी सारखी दिसते खरी. पण अरबीत प नाही, ग नाही, च नाही, ट नाही, आणि 'व्ह'चा उच्चारही नाही. तडवी आडनाव तिथे 'तादफी'सारखं लिहिलं जातं, पिंजारीचं 'बिनजारी' होतं. उर्दूच्या सवयीने पे आणि गाफ लिहिले तर अरबी टायपिस्ट अडखळतो आणि मनाने काहीतरी बसवतो. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, व्हिसावर किंवा इकाम्यावर अरबीत नाव कसं आलंय? तिथे जे हिज्जे आहेत तेच घ्यायचे, मग ते आपल्या कानाला कितीही विचित्र वाटोत, कारण खिडकीवरचा माणूस इकाम्याशी ताडून पाहणार असतो. शेजारी इंग्रजीत कार्डावरचं नाव जसंच्या तसं ठेवायचं.

खानदेशात नावाची एक खास अडचण आहे. आपल्याकडे 'शेख सलीम शेख करीम' अशी नावं घरोघरी असतात. पहिलं शेख स्वतःचं, दुसरं वडिलांचं. लायसन्सवर चारही शब्द एका ओळीत येतात. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात शेख जातं आणि उरलेलं नावात. अरब माणसाला शेख हे आडनाव वाटतच नाही, तो किताब वाटतो, आणि तो एखादं शेख गाळून टाकतो. आम्ही एकही शब्द गाळत नाही आणि पुढे-मागेही करत नाही. लायसन्स आणि पासपोर्टच्या नावात फरक दिसला तर तो टीपेत नोंदवतो. दुरुस्त करणं हे आमचं काम नाही. ते आरटीओ किंवा पासपोर्ट कार्यालयातून करून घ्यावं लागतं.

गावांच्या नावांत सर्वांत जपावं लागतं ते आमच्याच धुळ्याला. इंग्रजी हिज्जे पाहून घाईने अरबीत दाल, वाव, लाम, ये असं लिहिलं की अरबी वाचणारा ते 'दुवली' वाचतो, आणि दुवली म्हणजे आंतरराष्ट्रीय. साक्री रोडच्या एका मुलाच्या तर्जुम्यात आरटीओ धुळे या ठिकाणी हेच झालेलं आम्ही पाहिलं आहे. साधं भारतीय लायसन्स वाचणाऱ्याला आंतरराष्ट्रीय वाटलं आणि मग 'मूळ आंतरराष्ट्रीय परमिट कुठे आहे?' अशी चौकशी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय परमिट ही वेगळी पुस्तिका असते, आरटीओ ती देतं आणि ती जास्तीत जास्त एक वर्ष चालते. त्या मुलाकडे ती कधीच नव्हती. आम्ही धुळ्यात दालनंतर हे घालतो, आणि शेवटीही उर्दूतल्या 'धुलिया'सारखं लिहितो. दिसायला जुनं वाटतं, पण दुवली होत नाही. पत्त्यातली 'गल्ली नं. ५' किंवा 'मौलवीगंज' यांचा अर्थ लावायचा नसतो, फक्त उच्चार द्यायचा असतो. 'मु. पो.' साठी येणारं इंग्रजी 'ॲट पोस्ट' तेवढं समजावून लिहावं लागतं, नाहीतर माणूस पोस्ट ऑफिसात राहतो असा अर्थ होतो.

आकड्यांबद्दल एकच सांगतो. अरबी लिपीतला पाच हा गोल असतो, आपल्या मराठी शून्यासारखा. उर्दूतले चार, पाच, सहा अरबीतल्यापेक्षा निराळे दिसतात. म्हणून आम्ही कार्डावरचे इंग्रजी आकडेच ठेवतो आणि महिना अक्षरात लिहितो. ०९-०२-२०१० ही तारीख कोणी दोन सप्टेंबर वाचू नये म्हणून 'फेब्रुवारी' लिहिलेलं बरं. हिजरी तारीख आम्ही काढत नाही. इथला चाँद आणि तिथला चाँद यांत एखादा दिवस इकडेतिकडे होतो हे प्रत्येक रमजानला दिसतंच. हिजरी तारीख लागलीच तर ती त्यांनी त्यांच्या कॅलेंडरवरून काढावी.

तर यावलच्या त्या माणसाचा तक्ता तयार झाला. ट्रान्स आलं, २०१० ची तारीख आली. पण पुढच्या बाजूला मुदतीचे दोन रकाने असतात, एनटी आणि टीआर. एनटी म्हणजे खाजगी वापराच्या गाड्यांसाठी, टीआर म्हणजे परिवहन वाहनांसाठी. त्याची एनटी मुदत १३-०६-२०२६ पर्यंत होती. टीआर मुदत होती १०-०३-२०२५, म्हणजे संपून काही महिने झाले होते. परिवहनाची मुदत पाच वर्षांचीच असते, २०१९ च्या आधी तर तीनच वर्षं असायची. खाजगीची लांब असते, म्हणून माणूस तीच लक्षात ठेवतो आणि दुसरी नजरेआड होते. आधीच्या तर्जुम्यात एकच मुदत होती, २०२६ ची. त्यामुळे ट्रान्सबरोबर त्याची संपलेली मुदतही झाकली गेली होती. आम्ही नीट तर्जुमा केल्यावर दोन्ही गोष्टी उजेडात आल्या.

फोनवर आम्ही हे सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "आपा, टीआरचा रकाना सोडून द्या ना. पहिल्याने सोडलाच होता." थोड्या वेळाने त्याच्या थोरल्या भावाचा फोन आला. तो म्हणाला, "भाईजान, पाचच्या जागी सहा करा. एकच तर आकडा आहे. तिथे कोण बघतंय?" त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, घाबरणं होतं. घराचं कर्ज होतं, धाकट्या बहिणीचा निकाह ठरला होता, आणि कंपनीने सांगितलेली तारीख जवळ आली होती.

आम्ही दोन्ही गोष्टींना नाही म्हटलं. कोणाचा कागद आमच्या हातात येतो तो अमानत म्हणून, हे कारण आमच्यासाठी पुरेसं होतं. पण भावाला आम्ही व्यवहाराचंही कारण सांगितलं. तक्त्यासोबत फोटो जातो. फोटोत २०२५ आणि तक्त्यात २०२६ दिसलं तर चूक भाषांतरकाराची धरली जात नाही, बनावट कागद दिल्याचं प्रकरण ज्याचं लायसन्स त्याच्यावर येतं, तेही परक्या मुलखात. रकाना गाळणंही तसंच, फक्त उशिरा सापडतं. भाऊ रागावला. "तुम्ही घरात बसून मोठं बोलता," म्हणाला. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना दुसरा रस्ता लिहून पाठवला. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर लायसन्सचं नूतनीकरण पुन्हा चाचणी न देता होतं. वर्ष उलटलं तर चाचणी द्यावी लागते. म्हणजे त्याच्याकडे १० मार्च २०२६ पर्यंत वेळ होता. परिवहन वर्गासाठी डॉक्टरचा फॉर्म वन-ए लागतो, आणि तो इथल्या डॉक्टरने तपासून द्यायचा असल्याने त्याने स्वतः येणं भाग होतं. मुदत संपल्यानंतर अर्ज केला तर नवी मुदत नूतनीकरणाच्या तारखेपासून मोजतात, मधला खंड भरून निघत नाही. पण २०१० ची वर्गाची तारीख तशीच राहते. हे शेवटचं वाक्य आम्ही दोनदा लिहिलं, कारण त्यांना भीती होती की नवं कार्ड आलं की पंधरा वर्षं पुसली जातील.

कंपनीने जागा अडवून ठेवली नाही. ती गाडी दुसऱ्याला मिळाली. हा छोट्या गाडीवरच राहिला आणि डिसेंबरात रजेवर आला. जळगावच्या आरटीओत अर्ज झाला आणि काही आठवड्यांनी कार्ड घरी आलं. या वेळी त्याच्या बायकोने न सांगता दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले, काळ्या ओढणीवर ठेवून काढलेले, चारही कोपरे दिसतील असे.

नव्या तक्त्यात आम्हाला दोनच रकाने बदलावे लागले, कार्ड दिल्याची तारीख आणि टीआर मुदत. एमसीडब्ल्यूजी, एलएमव्ही, ट्रान्स आणि त्यांच्या तारखा जशाच्या तशा होत्या. एनटीची मुदतही जूनमध्ये संपते, तेव्हा तिचंही बघायला हवं, हे तक्ता पाठवताना आम्ही खाली मराठीत लिहिलं. मुरूरच्या चाचणीला तो अजून बसायचा आहे. भावाने पैसे पाठवले, सोबत एक शब्दही लिहिला नाही, पण त्याच आठवड्यात त्याच्याच नंबरवरून सावद्याच्या आणखी एका ड्रायव्हरचं लायसन्स आलं, फक्त पुढच्या बाजूचं. आम्ही मागची बाजू मागितली आहे.